विडाल तपासणी : टायटर कसे वाचावे आणि आपल्याकडे ते का फसवते (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विडाल तपासणीत रक्तातील टायफॉइडचे जंतू सापडतात का?

नाही. बहुतेक गैरसमजांचे मूळ याच एका मुद्द्यात असते. टायफॉइड, म्हणजे आपल्याकडे ज्याला विषमज्वर किंवा मुदतीचा ताप म्हणतात तो, साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळे होतो. परंतु विडाल तपासणी हा जिवाणू शोधत नाही. रक्त गोठून त्यावर जे पिवळसर पाणी सुटते त्याला सीरम म्हणतात. त्या सीरममध्ये या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने त्याच्याशी लढण्यासाठी तयार केलेली प्रथिने, आहेत का आणि असल्यास साधारण किती आहेत, एवढेच ही तपासणी पाहते. प्रयोगशाळेत मारलेल्या जिवाणूंचे गढूळ द्रावण घेऊन त्यात रुग्णाचे सीरम मिसळतात. प्रतिपिंडे असतील तर ती जिवाणूंना एकमेकांशी जोडतात आणि त्यांचे डोळ्यांना दिसणारे पुंजके तयार होतात. या क्रियेला समूहन म्हणतात. फ्रेंच वैद्य जॉर्ज फेर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये टायफॉइडच्या निदानासाठी तिचा उपयोग मांडला. त्याच वर्षी व्हिएन्नात ग्रूबर आणि डरहॅम यांनीही समूहनाचे वर्णन केले होते.

प्रतिपिंड ही शरीराची स्मृती असते आणि स्मृतीवर तारीख छापलेली नसते. एका थेंबात दिसलेले पुंजके आजच्या तापामुळे आहेत, सहा महिन्यांपूर्वीच्या तापामुळे आहेत की लहानपणी अंगावर निघून गेलेल्या संसर्गामुळे आहेत, हे त्या थेंबावरून सांगता येत नाही.

अहवालातील टीओ, टीएच, एएच आणि बीएच म्हणजे काय?

जिवाणूच्या ज्या भागाला ओळखून प्रतिपिंडे चिकटतात त्याला प्रतिजन म्हणतात. टीओ म्हणजे टायफीच्या शरीराभोवतालच्या आवरणातील प्रतिजन आणि टीएच म्हणजे त्याच जिवाणूच्या पोहण्याच्या शेपट्यांमधील, म्हणजे कशाभिकांमधील, प्रतिजन. एएच आणि बीएच हे पॅराटायफी ए आणि बी या भावंडांच्या कशाभिकांचे प्रतिजन होत. ओ आणि एच ही अक्षरे जर्मन भाषेतून आली आहेत. कशाभिका असलेले जिवाणू काचेवर श्वास सोडल्यावर येतो तसा पातळ थर पसरवत वाढतात, म्हणून श्वासासाठीच्या ‘हाऊख’ या शब्दाचे एच. आणि थराविना वाढणाऱ्यांसाठी ‘ओहने हाऊख’चे ओ.

सामान्यतः ओ प्रतिपिंडे आधी, म्हणजे तापाच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, दिसू लागतात आणि काही महिन्यांत ओसरतात. एच प्रतिपिंडे थोडी उशिरा येतात, पण दीर्घकाळ टिकतात. यावरून ‘ओ वाढले तर नवा आजार, फक्त एच वाढले तर जुना’ असा नियम पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. तो मुळात चुकीचा नाही. परंतु जिथे माणसाचा या जिवाणूशी पुन्हा पुन्हा संबंध येतो तिथे त्यावर भिस्त ठेवता येत नाही. एएच मात्र दुर्लक्षू नये, कारण भारतात पॅराटायफी एचा आजार नवलाचा नाही आणि तो लक्षणांवरून टायफॉइडपासून वेगळा ओळखता येत नाही. बीएचचा आकडा आपल्याकडे क्वचितच उपयोगी पडतो.

१:१६० याचा अर्थ काय? १:८०च्या दुप्पट आजार असा होतो का?

आजाराच्या तीव्रतेशी या आकड्याचा संबंध नाही. तो येतो कसा, हे परीक्षानळीच्या मूळ पद्धतीवरून सहज समजते. पहिल्या नळीत १.९ मिलिलिटर सलाइन आणि ०.१ मिलिलिटर सीरम घातले की सीरम वीसपट पातळ होते, म्हणजे १:२०. पुढच्या प्रत्येक नळीत १ मिलिलिटर सलाइन असते. आधीच्या नळीतील १ मिलिलिटर द्रव तीत घालून मिसळले की प्रत्येक पायरीला सीरम निम्मे होत जाते : १:४०, १:८०, १:१६०, १:३२०, १:६४०. मग सर्व नळ्यांत प्रतिजनाचा सारखा थेंब टाकून त्या ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. सकाळी ज्या शेवटच्या नळीत समूहन स्पष्ट दिसते तिचे प्रमाण म्हणजे टायटर. ओच्या नळीत तळाशी घट्ट, दाणेदार थर दिसतो आणि एचच्या नळीत पिंजलेल्या कापसासारखे सैल पुंजके दिसतात. शेजारी एक नळी केवळ सलाइन आणि प्रतिजनाची असते. तिच्यातही पुंजके दिसले तर प्रतिजनच खराब झाला आहे असे समजून सगळी तपासणी रद्द करावी लागते.

पायऱ्या दुपटीच्या असल्याने दोन लगतच्या पायऱ्यांमध्ये मोजण्यासाठी काहीच नसते. शेवटच्या नळीतले अंधुक पुंजके एकाला दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत. म्हणून एकाच सीरमचे उत्तर सोमवारी १:८० आणि मंगळवारी १:१६० आले तरी त्यात कोणाची चूक असेलच असे नाही. एका पायरीचा फरक ही या पद्धतीची अंगभूत ढिलाई आहे. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळत नाहीत तेव्हा पहिला विचार हा करावा आणि दुसरा विचार त्यांनी वापरलेल्या संचांचा, कारण वेगवेगळ्या उत्पादकांचे प्रतिजन सारख्या दाटपणाचे नसतात.

आमच्या लॅबने काही मिनिटांत अहवाल दिला. ही तीच तपासणी आहे का?

ती काचपट्टीवरची जलद पद्धत आहे आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. तिच्यात सीरम पातळ करत नाहीत. पट्टीवरील वर्तुळांत ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर सीरम घेऊन प्रत्येकात रंगवलेल्या दाट प्रतिजनाचा एकेक थेंब टाकतात आणि पट्टी एक मिनिट हलवून पाहतात. या पाच वर्तुळांना अनुक्रमे १:२० ते १:३२० इतके मानले जाते. ‘मानले जाते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ते प्रत्यक्ष केलेले पातळीकरण नसून एक सोयीची समजूत आहे.

येथे चुका कशा होतात, हे जवळून पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते. मिनिटाऐवजी तीन मिनिटांनी पाहिले की कडा सुकू लागतात आणि सुकणारा प्रतिजन पुंजक्यांसारखा दिसतो. बाटली न हलवता वरचा विरळ द्रव वापरला तर थेंबागणिक दाटपणा बदलतो. शीतकपाटातून काढलेला गार प्रतिजन खोलीच्या तापमानाला येऊ न देताच वापरतात. नियंत्रण नमुने न लावता फक्त रुग्णाचेच सीरम तपासतात. माझ्या मते, काचपट्टीवर सकारात्मक आलेला नमुना नळीच्या पद्धतीने पुन्हा पाहिल्याशिवाय टायटर म्हणून छापू नये. निदान कोणत्या पद्धतीने तपासणी केली, हे तरी अहवालावर लिहिलेले असावे.

मग किती टायटरला ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचे?

जगभर लागू पडेल असा आकडा नाही. भारतात टीओ १:८० किंवा १:१६० आणि टीएच १:१६० किंवा त्याहून जास्त, अशा सीमा अनेक प्रयोगशाळा वापरतात; काही संचांच्या पत्रकांत १:१०० आणि १:२०० असेही आकडे असतात. खरी पद्धत अशी की त्या भागातील निरोगी, ताप नसलेल्या माणसांचे सीरम तपासून त्यांच्यात किती टायटर सर्रास आढळते ते आधी पाहायचे आणि सीमा त्याच्या वर ठेवायची. यालाच स्थानिक पायाभूत टायटर म्हणतात. ते गावागणिक वेगळे असते आणि काळानुसार बदलते. दुसऱ्या राज्यात काही दशकांपूर्वी ठरवलेली सीमा आजच्या पुण्यातल्या किंवा नांदेडातल्या रुग्णाला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणे होय. तरीही बहुतेक अहवालांवर छापलेली सीमा संचाच्या पत्रकातून आलेली असते.

ताप टायफॉइडचा नसतानाही टायटर वाढलेले का येते?

याची कारणे अनेक आहेत आणि जिथे टायफॉइड कायम वावरतो तिथे ती एकाच माणसात एकत्र येतात.

पहिले कारण जुन्या संपर्काचे. दूषित पाणी आणि उघड्यावरचे अन्न यांतून हा जिवाणू पोटात जाणे आपल्याकडे अनेकांच्या आयुष्यात घडते. काहींना सौम्य ताप येऊन जातो आणि त्याला कोणी नावही देत नाही. पण प्रतिपिंडे तयार होतात आणि एच तर दीर्घकाळ राहतात. अशा माणसाला उद्या साधा विषाणूजन्य ताप आला आणि विडाल केली, तर ताप आणि टायटर एकाच कागदावर येतात. बघणाऱ्याला वाटते की एक दुसऱ्यामुळे आहे.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. पूर्वी टायफी भेटलेल्या शरीरात मलेरियासारखा दुसराच एखादा ताप आला तरी प्रतिकारशक्तीच्या सर्वसाधारण चाळवण्यात जुन्या स्मृतिपेशीही जाग्या होतात आणि टायफीविरुद्धची प्रतिपिंडे, विशेषतः एच, तात्पुरती वाढतात. येथे टायटर खरोखरच वाढलेले असते, मोजणीत काही चूक नसते आणि तरीही टायफॉइड नसतो. प्रयोगशाळा कितीही काटेकोर असली तरी हा दोष तिला दूर करता येत नाही.

तिसरे कारण नातेसंबंधाचे. टायफीच्या आवरणातील ९ आणि १२ क्रमांकांचे ओ प्रतिजन केवळ त्याचेच नाहीत. १२ हा पॅराटायफी एमध्येही असतो, तर ९ आणि १२ हे दोन्ही साल्मोनेला एन्टेरिटिडिसमध्ये असतात, जो अंडी आणि कोंबडीतून होणाऱ्या अन्नविषबाधेला कारण ठरतो. म्हणून टीओ वाढले याचा काटेकोर अर्थ ‘या कुळातील कोणीतरी येऊन गेला’ एवढाच होतो. यकृताच्या जुनाट आजारातही प्रतिपिंडे सरसकट वाढतात आणि विडाल विनाकारण सकारात्मक येऊ शकते.

अशा भागात सकारात्मक अहवालाचे मोल नेमके किती?

ते हिशेबाने पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, टायफॉइड असलेल्या १०० पैकी ७० जणांत ही तपासणी सकारात्मक येते आणि नसलेल्या १०० पैकी २० जणांतही ती येते. आता पावसाळ्यात एका दवाखान्यात तापाचे १००० रुग्ण आले आणि त्यांतील ५० जणांना खरा टायफॉइड आहे. ५० पैकी ३५ जण सकारात्मक येतील. उरलेल्या ९५० पैकी १९० जणही सकारात्मक येतील. म्हणजे ‘विडाल पॉझिटिव्ह’ शिक्का बसलेले २२५ आणि त्यांत खरे टायफॉइडचे ३५, साधारण सहामागे एक.

आता तोच संच, तोच तंत्रज्ञ, पण तपासणी फक्त अशा १००० जणांची केली की ज्यांना आठवडाभर चढता ताप आहे आणि मलेरिया-डेंगी तपासून वगळले आहेत. समजा, यांतील ५०० जणांना टायफॉइड आहे. आता खरे सकारात्मक ३५०, खोटे १००. म्हणजे ४५० पैकी ३५०, चारांत तीनांहून अधिक. तपासणी बदलली नाही, ती कोणाची केली ते बदलले. तापाच्या दुसऱ्या दिवशी येईल त्याची विडाल करण्याची पद्धत का घातक आहे, हे या दोन हिशेबांतील फरकावरून दिसते.

प्रत्यक्षात हे कसे दिसते? एखादे उदाहरण द्याल का?

वाचकांना ओळखीची वाटेल अशी एक कल्पित घटना घेऊ. ऑगस्ट महिना, सव्वीस वर्षांचा तरुण, तीन दिवस जोराचा ताप, डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेले. तिसऱ्या दिवशी काचपट्टीवर विडाल होते : टीओ १:१६०, टीएच १:३२०. ‘टायफॉइड निघाला’ असे सांगून प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू होतात.

येथे विचार करणाऱ्याला पहिली विसंगती दिसायला हवी ती दिवसांची. टायफीविरुद्धची प्रतिपिंडे दिसायला साधारण आठवडा लागतो; मग तिसऱ्याच दिवशी इतके टायटर आले कुठून? आजच्या तापातून ते येणे फारसे संभवत नाही, ते आधीच तिथे असणार. दुसरी विसंगती तापाच्या स्वरूपाची : टायफॉइडचा ताप सहसा दिवसागणिक पायरीपायरीने चढतो, पहिल्याच दिवशी असा उसळत नाही. पाचव्या दिवशी बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट्स, ७० हजारांवर येतात आणि डेंगीची एनएस१ तपासणी सकारात्मक ठरते. ही तपासणी पहिल्याच दिवसांत उपयोगी असते, म्हणजे तिसऱ्या दिवशीच करता आली असती. अकराव्या दिवशी पुन्हा विडाल केली तर टीओ १:१६०, टीएच १:३२०, जसेच्या तसे. ताप केव्हाच उतरलेला. रुग्ण मात्र आयुष्यभर सांगत राहणार की त्याला टायफॉइड आणि डेंगी ‘दोन्ही एकदम’ झाले होते. डेंगीकडे लक्ष जायला झालेला दोन दिवसांचा उशीर हे यातले खरे नुकसान.

दोन वेळा तपासणी केल्यास उलगडा होतो का?

पुष्कळ अंशी होतो. पहिला नमुना आजाराच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसरा ७ ते १० दिवसांनी घ्यावा. टायटर चौपट किंवा अधिक वाढले, उदाहरणार्थ १:४० वरून १:१६०, तर त्याला अर्थ आहे. चौपट म्हणजे दोन पायऱ्या; एका पायरीची ढिलाई वर सांगितलीच आहे, म्हणून एक पायरी चढली तर ती मोजायची नाही. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच संचाने, शक्य तर पहिले सीरम जपून ठेवून एकाच दिवशी शेजारी शेजारी तपासावेत. अडचण एवढीच की तोवर रुग्णाचे उपचार बहुधा संपत आलेले असतात. शिवाय लवकर प्रतिजैविक सुरू झाल्यास प्रतिपिंडे पुरेशी वाढत नाहीत आणि आधीच टायटर उंच असलेल्या माणसात आणखी दोन पायऱ्या चढायला जागाही कमी असते. म्हणून वाढ दिसली तर ती बोलकी असते, पण दिसली नाही म्हणून टायफॉइड नव्हता असे ठरत नाही.

अहवाल निगेटिव्ह आला. टायफॉइड नाही असे समजावे का?

नाही. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे तयारच झालेली नसतात, त्यामुळे खऱ्या रुग्णातही तपासणी नकारात्मक येते. काही रुग्णांत ती शेवटपर्यंत वाढत नाहीत. क्वचित उलटेही घडते : प्रतिपिंडे इतकी जास्त असतात की दाट सीरमच्या पहिल्या नळ्यांत जोडणीच नीट होत नाही आणि समूहन केवळ पुढच्या, पातळ नळ्यांत दिसते. पहिल्या एकदोन नळ्या पाहून थांबणारा येथे चुकतो.

उपचार पूर्ण झाले, पण विडाल अजून पॉझिटिव्ह आहे. आजार शिल्लक आहे का?

तसा अर्थ होत नाही. योग्य औषध चालू असतानाही टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागू शकतात आणि टायटर तर आजार बरा झाल्यावरही महिनोन् महिने राहते. बरे झाल्याची खात्री म्हणून विडाल करू नये, आणि केवळ टायटर उतरले नाही म्हणून प्रतिजैविकाचा दुसरा कोर्स घेऊ नये. ताप पुन्हा आला तर तो नवा प्रश्न समजून डॉक्टरांकडे जावे. जंतू बाळगणारा, पण स्वतः आजारी नसलेला वाहक शोधण्यासाठीही विडालचा उपयोग नाही. त्यासाठी विष्ठेचे कल्चर, म्हणजे तिच्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, वारंवार करावे लागते.

टायफॉइडची लस घेतली असेल तर?

कोणती लस, यावर उत्तर अवलंबून आहे. पूर्वीच्या, मारलेल्या संपूर्ण जिवाणूंच्या लसीनंतर टायटर, त्यातही एच, बराच काळ वाढलेले राहत असे. आजची संयुग्म लस जिवाणूच्या ‘व्हीआय’ नावाच्या बाह्य कवचापासून बनते आणि तिच्यात ओ किंवा एच प्रतिजन मुद्दाम घातलेले नसतात. त्यामुळे तिच्यामुळे विडाल सकारात्मक येणे अपेक्षित नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी अशा लसीची मोहीम सुरू केली होती. त्या मोहिमेतील एखाद्या मुलाचे टायटर उंच आले तर ‘लसीमुळे असेल’ म्हणून ते बाजूला सारणे बरोबर नाही.

मग तपासणी कोणती करावी?

ब्लड कल्चर, आणि तेही प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी. टायफॉइडच्या रक्तात जंतू फार विरळ असतात, अनेकदा एका मिलिलिटरमध्ये एक किंवा त्याहूनही कमी. म्हणून प्रौढाचे ८ ते १० मिलिलिटर रक्त बाटलीत घालावे लागते. घाईत २ मिलिलिटर घेतले तर जंतू त्या रक्तात आलेलाच नसतो आणि ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो. सर्व काही नीट केले तरी कल्चर सुमारे ६० टक्के रुग्णांतच जंतू पकडते, हेही खरे. अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये ते प्रमाण जास्त असते, पण ते सर्वांचे करणे व्यवहार्य नाही. तरीही कल्चर एक गोष्ट देते जी कोणतेही टायटर देऊ शकत नाही : हा जंतू कोणत्या औषधाला दाद देतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला न जुमानणारे टायफी भारतात सर्रास आढळतात, म्हणून हा प्रश्न गौण नाही. यंत्रावरील कल्चरमध्ये वाढीची पहिली सूचना बहुधा एक-दोन दिवसांत मिळते. औषधांची यादी यायला आणखी एक-दोन दिवस लागतात.

मग विडाल अजून का केली जाते?

कारण ती स्वस्त आहे, तिला यंत्र लागत नाही आणि अहवाल त्याच दिवशी मिळतो. जिथे कल्चरची सोय तालुक्याच्याही पलीकडे आहे, तिथे आठवडा उलटून गेलेल्या तापात, मलेरिया व डेंगी वगळल्यावर, स्थानिक पायाभूत टायटर ठाऊक असताना केलेली विडाल डॉक्टरांच्या अंदाजाला थोडे वजन देते. अहवाल हाती घेणाऱ्याने मग तीन गोष्टी शोधाव्यात : तापाचा कितवा दिवस होता, तपासणी काचपट्टीवर केली की नळीत, आणि सीमा कोणत्या लोकसंख्येवरून ठरवली. बहुतेक अहवालांवर यांतील एकही छापलेली नसते.